गुहा कधी ओ देते का?

चि. छकुलीस,


परवा होस्टेलवर जायला रिक्षात बसताबसता तू म्हणालीस, "आजी, तुझ्या गोष्टींतला कोल्हा नुसता लबाड. त्याच्याकडून शिकायचं काय?" रिक्षा सुटली आणि उत्तर माझ्यापाशीच राहिलं. म्हणून हे पत्र.

पंचतंत्रातली बोलक्या गुहेची गोष्ट तुला पाठ आहे. भुकेला सिंह संध्याकाळी एका रिकाम्या गुहेत शिरतो आणि तिथलं जनावर रात्री परतेल म्हणून दबा धरून बसतो. गुहा कोल्ह्याची. तो परत येतो तर दारात सिंहाची पावलं उमटलेली, सगळी आत गेलेली. बाहेर आलेलं एकही नाही. तो तिथेच थांबतो आणि बाहेरूनच हाक मारतो, "अगं गुहे!" आत सामसूम. मग म्हणतो, "आपलं ठरलंय ना, मी बाहेरून आलो की हाक मारायची आणि तू ओ द्यायची? आज गप्प का? ओ देणार नसशील तर मी चाललो दुसऱ्या गुहेकडे." सिंहाला वाटतं, ही रोज ओ देत असणार, आज मला भिऊन बसली आहे. तिच्याऐवजी तोच डरकाळी फोडतो आणि कोल्हा पसार होतो.

इथे तू टाळ्या पिटायचीस. पण कोल्ह्याचा प्रश्न पुन्हा एकदा नीट ऐक. "आत कोण आहे?" असं त्यानं विचारलंच नाही. तसं विचारलं असतं तर सिंह मुकाट बसला असता. त्यानं कधी न झालेला करार झाला म्हणून सांगितला. आत कुणी नसतं तर ओ आलीच नसती. पण खोटेपणानं आत बसलेल्याला वाटणारच की हे असंच असेल आणि आपण होकार दिला नाही तर पकडले जाऊ. शिवाय जाण्याची धमकी दिलेली, त्यामुळे सिंहाला गप्प राहणंही परवडेना. आणि समजा सिंह गप्प राहिला असता, तरी कोल्हा आत जाणार नव्हताच. पावलं त्यानं पाहिली होती. गप्प गुहा म्हणजे रिकामी गुहा, असं त्यानं धरलं नाही. मला त्याचं हेच फार मोठं वाटतं.

मला याचा उपयोग गेल्या वर्षी झाला. रात्री अकराला फोन आला, रडका आवाज, "आत्या, ओळखलंस का?" मी घाबरून भाच्याचं नाव घेतलं आणि तिथेच चुकले, नाव मीच पुरवलं. पुढे तो त्या नावानं बोलू लागला. अपघात झालाय, पोलिसांनी बसवून ठेवलंय, हा मित्राचा फोन आहे, चाळीस हजार लगेच पाठव, बाबांना सांगू नकोस. हात थरथरत होते. वाढदिवस विचारावा असं मनात आलं, पण असली माहिती हल्ली कुणालाही मिळते. मग म्हटलं, "अरे, रविवारी तुझ्याकडे लोणच्याची बरणी दिली होती, ती मावशीकडे पोचवलीस का?" तो म्हणाला, "हो हो, पोचवली, पण आत्या, पैशांचं बघ ना." मी कुठलीही बरणी दिली नव्हती. फोन ठेवला आणि माझ्या वहीतल्या नंबरावर भाच्याला लावला. तो घरी झोपलेला होता.

तरी या युक्तीवर सगळी भिस्त ठेवू नकोस. खरा भाचासुद्धा घाबरून नुसतं "हो हो" म्हणू शकतो आणि मुरलेला भामटा "आठवत नाही" म्हणून सुटू शकतो. म्हणून उत्तर काहीही येवो, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरावर उलट फोन करायचाच.

आता मी तुला कधी न सांगितलेला भाग. पंचतंत्रात ही गोष्ट रक्ताक्ष नावाचं घुबड सांगतं. कावळ्यांचा म्हातारा मंत्री पिसं उपटून, रक्त माखून घुबडांच्या आश्रयाला आलेला असतो. रक्ताक्ष राजाला बजावतो, हा हेर आहे, याला मारा. बाकीचे मंत्री दया दाखवतात आणि राजा त्यांचं ऐकतो. तेव्हा रक्ताक्ष आपल्या माणसांना जमवून ही गोष्ट सांगतो आणि त्यांना घेऊन निघून जातो. मागे तो म्हातारा कावळा घरटं बांधायचं निमित्त करून रोज एकेक काटकी गुहेच्या तोंडाशी रचतो. एका दिवसा, घुबडांना दिसत नाही अशा वेळी, कावळे चोचीत जळती लाकडं आणून त्यावर टाकतात. आतलं एकही घुबड वाचत नाही.

म्हणजे ही गोष्ट लबाडीची नाहीच. धोक्याची खूण दिसल्यावर दारातून मागे फिरणाऱ्याची आहे. शरम, दया, घाई, "बाबांना सांगू नकोस" यांपैकी काहीही कुणी पुढे केलं, तरी आधी पावलं बघ. तुझ्या मैत्रिणींनाही सांग. आणि कुणाचे पैसे गेलेच, तर रडत बसू नका. सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या नंबरावर करता येते, आणि जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

तुझी,
आजी