मशीनला कर्ज मिळतं, मिरचीला मिळत नाही
(परिसंवादातील भाषणाचे शब्दांकन)

मंडळी, आजच्या सत्रासाठी आम्हांला दिलेला विषय मोठा आहे : महिला उद्योजकांपुढच्या अडचणी आणि त्यांना उपलब्ध असलेलं साहाय्य. घरचा विरोध, वेळ, शिक्षण, बाजारपेठ, अशी यादी करत बसलो तर चाळीस मिनिटं संपतील आणि हाती काहीच लागणार नाही. म्हणून आम्ही यातली एकच अडचण घेणार आहोत, खेळत्या भांडवलाची. गावात चालू असलेला, चार पैसे देणारा धंदा पाचव्या-सहाव्या वर्षी जिथल्या तिथे थबकतो, त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा हीच असते असं आमचं मत आहे.

उदाहरण म्हणून मसाल्याचा धंदा घेऊ. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण धंद्याची चाल खरी आहे. सोलापूरकडच्या एका गावातली बाई महिन्याला दीडशे किलो काळा मसाला करते. किलोमागे चारशे रुपये मिळतात, म्हणजे महिन्याची विक्री साठ हजार, वर्षाची सात लाख वीस हजार. मिरची, धणे, खोबरं, गरम मसाले, तेल आणि पिशव्या यांवर महिन्याला साडेसदतीस हजार जातात. वीज, कांडपाची मजुरी आणि वाहतूक वजा केल्यावरही बरी मिळकत उरते. कागदावर हा धंदा चांगला आहे.

आता हाच धंदा वर्षाच्या चाकावर ठेवून बघा. नवी मिरची साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येते आणि तेव्हाच ती घ्यायची असते. पावसाळ्यात घेतलेली मिरची महाग पडते, शिवाय ओल धरलेली असली तर बुरशीचा धोका. तिला महिन्याला पंचाहत्तर किलो मिरची लागते. आठ महिन्यांची म्हणजे सहाशे किलो, एकशेऐंशीच्या भावाने एक लाख आठ हजार रुपये. हे एकदम हवेत, रोख हवेत, आणि आडत्याला उद्याचा वायदा चालत नाही. दुसऱ्या बाजूला तालुक्याचे दुकानदार माल घेतात आणि दोन महिन्यांनी पैसे देतात. दोन महिन्यांच्या मालात तिचे पंचाहत्तर हजार अडकून पडतात. एकूण झाले एक लाख त्र्याऐंशी हजार. हे पैसे बुडालेले नाहीत, पण हातातही नाहीत. खेळतं भांडवल म्हणतात ते हेच.

तिच्याजवळ काय आहे? बचत गट आहे. गटाला बँकेकडून तीन लाख तीस हजार मिळाले, बायका अकरा. नियमाने बघितलं तर गरजेप्रमाणे वाटप करायला हरकत नाही. पण गटात भांडण नको म्हणून वाटप सारखं होतं, प्रत्येकीला तीस हजार. एकीने शेळी घेतली, एकीने मुलीची फी भरली, हिने मिरची घेतली, पण सहाशे किलोऐवजी दीडशे किलो. मग ऑगस्टपासून चढ्या भावाची मिरची. गटाबद्दल आम्हांला आदर आहे. पंचसूत्री पाळणाऱ्या गटाने सावकाराच्या दारातून किती बायकांना बाहेर काढलं ते आम्ही बघितलं आहे. पण गटाचं कर्ज संसाराच्या मापाचं असतं, धंद्याच्या नाही. आणि हप्ता दर महिन्याला सुरू होतो, मिरची विकली गेली असो वा नसो.

इथे लिज्जतचा दाखला देतो. 1959 साली गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेली ती संस्था, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिची खरी मेख कमी बोलली जाते. तिथे बहीण मळलेलं पीठ घरी नेते, पापड लाटून परत आणून देते आणि लाटणावळ घेते. उडीद कोण घेणार, साठा कुठे ठेवणार, दुकानदाराची उधारी कोण सोसणार, हे सगळं संस्थेच्या अंगावर. बाईच्या अंगावर भांडवलाचा भारच नाही. स्वतःच्या नावाने मसाला विकणाऱ्या बाईला मात्र लाटणारीही व्हायचं आहे आणि संस्थाही.

मग सरकारी योजना? आहेत, आणि चांगल्याही आहेत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात महिलेचा स्वतःचा हिस्सा फक्त पाच टक्के आणि ग्रामीण भागात अनुदान पस्तीस टक्के. आठ लाखांचा प्रकल्प असेल तर तिने चाळीस हजार घालायचे आणि दोन लाख ऐंशी हजार अनुदान. पण दोन गोष्टी आधी समजून घ्याव्यात. एक, ही योजना नव्या उद्योगासाठी आहे. आमची मसालेवाली पाच वर्षं धंदा करते आहे. दोन, अनुदान हातात येत नाही. ते बँकेत तिच्या नावाने तीन वर्षं ठेव म्हणून राहतं आणि उद्योग चालू दिसला तर मग कर्जात वळतं होतं. "सबसिडी काढून देतो" म्हणणारा एजंट ही दुसरी गोष्ट सांगत नाही. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची 2020 सालची योजना चालू धंद्यालाही लागू आहे, तिच्यातही पस्तीस टक्के अनुदान आहे, दहा लाखांच्या मर्यादेत. पण दोन्हीकडे सगळ्यांची नजर मशीनवर. पल्व्हरायझरचं कोटेशन आणा, फोटो काढा, फाईल पुढे सरकते. मिरचीचं कोटेशन कोण देणार? परिणाम असा की काही घरांत तीन लाखांचं यंत्र प्लॅस्टिक पांघरून उभं असतं आणि दळायला मिरची नसते.

आम्ही काय सुचवतो ते सांगतो. खेळत्या भांडवलासाठी बँकेत कॅश क्रेडिट नावाचं खातं असतं. ते किती द्यायचं याची छोट्या उद्योगांसाठी एक सोपी पद्धत आहे, नायक समितीची म्हणून ओळखली जाते. वर्षाच्या अपेक्षित विक्रीच्या पंचवीस टक्के ही गरज धरायची. त्यातले वीस टक्के बँकेने द्यायचे, पाच टक्के उद्योजकाने घालायचे. आपल्या बाईची विक्री सात लाख वीस हजार. बँकेचे एक लाख चव्वेचाळीस हजार, तिचे छत्तीस हजार, मिळून एक लाख ऐंशी हजार. मघाशी मिरची आणि उधारी यांची बेरीज किती आली होती? एक लाख त्र्याऐंशी. म्हणजे नियम गरजेच्या अगदी जवळ येतो. ही रक्कम मुद्राच्या 'किशोर' गटात बसते, आणि दहा लाखांपर्यंतच्या अशा कर्जाला बँकेने तारण मागू नये अशी रिझर्व्ह बँकेची सूचना 2010 पासून आहे. घर सासऱ्यांच्या नावावर, सातबारा नवऱ्याच्या नावावर, ही अडचण इथे यायलाच नको.

शाखेत गेल्यावर मात्र बहुधा कॅश क्रेडिटऐवजी तीन वर्षांचं हप्त्याचं कर्ज पुढे केलं जातं. सोपं पडतं त्यांना. अकरा टक्के व्याज धरलं तर महिन्याला सुमारे चार हजार सातशेचा हप्ता, बाराही महिने, आणि फेडत गेलेली रक्कम पुढच्या मिरचीला परत मिळत नाही. कॅश क्रेडिटमध्ये तिने मार्चला लाख रुपये उचलले आणि चार महिन्यांनी भरले, तर व्याज होतं साधारण तीन हजार सहाशे सत्तर रुपये, आणि पुढच्या मार्चला तेच लाख पुन्हा तयार. अट एवढीच की विक्रीचे पैसे त्याच खात्यात फिरले पाहिजेत आणि दर महिन्याचं व्याज भरलं पाहिजे. खातं नव्वद दिवस मर्यादेबाहेर राहिलं किंवा त्यात पैसे यायचेच थांबले, तर ते थकीत धरलं जातं.

आता खरी गाठ इथे आहे. बँक विचारते, सात लाख वीस हजारांची विक्री कशावरून? आणि बाईकडे दाखवायला काही नसतं. आम्ही अशा बायकांना पहिला प्रश्न विचारतो : दुकानात लावलेला क्यूआर कोड कुणाच्या नंबरचा आहे? दहापैकी किती जणी मुलाचा किंवा नवऱ्याचा सांगतात, ते तुम्हीच गावात जाऊन विचारून बघा. त्यात दुष्टपणा असतोच असं नाही. स्मार्टफोन त्याच्याकडे होता म्हणून त्याचा लावला. पण पाच वर्षांची उलाढाल त्याच्या खात्यात उमटली. बँकेच्या लेखी उद्योजक तो, आणि ही गृहिणी. त्याचं ट्रॅक्टरचं कर्ज थकलेलं असेल आणि बँकेने त्याला सहकर्जदार घ्या म्हटलं, तर हिची फाईल तिथेच आडवी होते.

म्हणून कामाचा क्रम उलटा लावावा लागतो. आधी तिच्या नावाचं चालू खातं आणि तिच्या नंबरचा क्यूआर. मग उद्यम नोंदणी; ती आधार आणि पॅनवर ऑनलाईन होते आणि मोफत आहे, तिच्यासाठी कुणाला हजार-दोन हजार देऊ नयेत. अन्नसुरक्षेची नोंदणी तर खाद्यपदार्थाला लागतेच. आणि साधी दोनशे पानी वही : तारीख, दुकान, किती किलो, बिल किती, पैसे कधी आले. सहा महिने, जमलं तर वर्षभर. कंटाळवाणं काम आहे, पण मॅनेजर वही आणि खातं शेजारीशेजारी ठेवून आकडे जुळवतो, तेव्हा बोलण्याचा सूर बदलतो.

यावर एक संस्था मुळापासून उभी राहिली. साताऱ्यातल्या म्हसवडला 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. परवान्याचा पहिला अर्ज नामंजूर झाला होता, कारण प्रवर्तक बायका निरक्षर. त्या बायका अक्षरं शिकल्या आणि परत गेल्या. व्याजाचा हिशोब तोंडी करून दाखवायची त्यांची तयारी होती. ती बँक त्या बाईचा बाजाराचा दिवस कोणता, पैसे कधी येतात, हे बघून चालली. राष्ट्रीयीकृत बँकेची शाखा तसं वागेल अशी आशा धरून बसू नये, पण वही तिला तेच सांगत असते.

राहिली दुकानदाराची उधारी. 2006 च्या कायद्याने उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे मिळायला हवेत. लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज, आणि दाद मागायला 'समाधान' पोर्टल. कागदावर भक्कम आहे. पण गावातल्या किराणा दुकानदाराविरुद्ध कुणी तक्रार करत नाही, कारण दुसऱ्या दिवशी फळीवरून आपला मसाला उतरतो. हा कायदा मोठ्या गिऱ्हाईकाशी, म्हणजे कंपनीचं कँटीन किंवा मॉलची साखळी यांच्याशी बोलताना खरा उपयोगी. आयकर कायद्यातही एप्रिल 2024 पासून असं आलं आहे की मुदतीत न दिलेली अशी रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, म्हणून मोठ्यांचे हिशोबनीस आता स्वतःहून उद्यम क्रमांक विचारतात. बिलावर तो क्रमांक छापून घ्यावा. छोट्या दुकानदारासाठी आमचा अनुभव वेगळा : रोख घेणाऱ्याला किलोमागे दहा रुपये कमी लावा. साठ हजारांच्या विक्रीतला निम्मा माल रोखीत गेला, तर पाऊणशे किलोला साडेसातशे रुपये सुटतात आणि अडकलेले साडेसदतीस हजार मोकळे होतात. साडेसदतीस हजारांची मिरची किती होते? दोनशे किलोच्या वर.

अर्ज कधी द्यायचा असं मघाशी समोरून विचारलं गेलं. मार्चमध्ये बँका वर्षअखेरीच्या गडबडीत असतात आणि मिरची त्याच महिन्यात निघून जाते. दिवाळी आटोपली की नोव्हेंबरात द्या. तेव्हा खात्यात सणाची विक्रीही दिसत असते.