मय्यतीचा हक्क

घरात मृत्यू झाला की मुस्लिम वस्तीत एकच घाई सुरू होते. कोणी कफनाचं कापड आणायला जातं, कोणी कब्रस्तानात कबर खोदायला सांगून येतं, कोणी बोरीचा पाला शोधू लागतं. बाहेरच्या माणसाला हा सगळा रिवाज वाटतो. पण यातल्या जवळजवळ प्रत्येक कृतीवर जुन्या धर्मशास्त्रज्ञांनी, म्हणजे फकिहांनी, शेकडो वर्षं वाद घातला आहे आणि प्रत्येकीचं कारण लिहून ठेवलं आहे.

आपल्याकडे या शास्त्राच्या दोन परंपरा नांदतात. देशावरचे, मराठवाड्यातले बहुतेक सुन्नी मुसलमान इमाम अबू हनिफांची हनफी परंपरा पाळतात, तर कोकणी मुसलमान इमाम शाफईंची. हनफींचा मोठा आधार म्हणजे फरगान्याच्या मरगीनानींचा ‘हिदाया’ हा बाराव्या शतकातला ग्रंथ, आणि शाफईंचा म्हणजे तेराव्या शतकातल्या नववींचा ‘मिन्हाज’. मय्यतीचं गुसल, कफन, नमाज आणि दफन ही चारही कामं ‘फर्ज-ए-किफाया’ आहेत, यावर दोघांचं एकमत आहे. काहींनी ती केली तर सगळे सुटले. कोणीच केली नाहीत तर ज्यांना ठाऊक होतं आणि जमण्यासारखं होतं ते सगळे दोषी. म्हणजे बेवारस माणसाच्या मय्यतीचाही हक्क उरतो आणि तो वस्तीकडून वसूल होतो.

गुसल देताना मय्यत लाकडी तख्त्यावर ठेवतात. कपडे उतरवतात, पण बेंबीपासून गुडघ्यापर्यंत कापड तसंच राहतं आणि धुणारा हाताला फडकं गुंडाळून त्या कापडाखालून धुतो. जिवंतपणी जी लाज राखायची, ती मेल्यावरही राखायची, एवढंच त्यामागचं कारण. मग वजू करवतात. हिदायानुसार यात चूळ आणि नाकात पाणी नसतं, कारण आत गेलेलं पाणी बाहेर काढता येत नाही. शाफई मात्र ओल्या फडक्याने दात आणि नाकपुड्या पुसायला सांगतात. बोरीचा पाला घालून पाणी उकळतात. या पाल्याला फेस येतो आणि मळ निघतो. आधी डाव्या कुशीवर वळवून उजवं अंग धुतात, मग उजव्या कुशीवर वळवून डावं. नंतर टेकवून बसवतात आणि पोटावरून हलका हात फिरवतात. काही बाहेर आलं तर तेवढंच धुतात. हनफींच्या मते गुसल पुन्हा द्यावं लागत नाही. शेवटच्या पाण्यात कापूर असतो. प्रेषितांची मुलगी वारली तेव्हा तिला धुणाऱ्या उम्मे अतिय्या यांना प्रेषितांनी सांगितलं होतं, की तीनदा, पाचदा किंवा गरज पडली तर त्याहून जास्त धुवा, पाणी आणि बोरीचा पाला वापरा, शेवटी कापूर घाला. सगळे फकिह इथूनच सुरुवात करतात.

खरी चर्चा पुढे सुरू होते. मुळात धुवायचं कशासाठी? शाफई म्हणतात, माणसाचा देह मेल्यावरही पाकच असतो. गुसल हे स्वच्छतेसाठी आणि सन्मानासाठी. हनफींमधल्या अनेकांच्या मते मृत्यूने देहाला नापाकी येते, पण माणसाच्या मोठेपणामुळे ती पाण्याने दूर होते. इतर प्राण्यांना ही सवलत नाही. वाटा वेगळ्या असल्या तरी दोघेही देहाच्या इज्जतीपाशीच येऊन थांबतात.

याहून जिवाला भिडणारा प्रश्न म्हणजे, नवऱ्याने बायकोला गुसल द्यावं का? हनफी म्हणतात, बायको नवऱ्याला धुऊ शकते, कारण ती इद्दतीत असते आणि तोवर निकाहाचा धागा तुटलेला नसतो. बायको वारली की मात्र नवऱ्याकडून तो धागा लगेच तुटतो. तो तिच्या बहिणीशीही लग्न करू शकतो, म्हणून त्याने धुऊ नये. शाफई म्हणतात, धुऊ शकतो. हजरत अलींनी बीबी फातिमांना धुतलं होतं. मला इथे शाफईंचं म्हणणं अधिक माणुसकीचं वाटतं. पण हनफींनी ही मनाई लहर म्हणून केलेली नाही, तीही निकाहाच्या कायद्यातूनच आली आहे, हे मान्य करावं लागतं.

कफन पुरुषाला तीन कापडांचं आणि बाईला पाच कापडांचं, पांढरं आणि साधं. हनफी पुरुषाच्या कफनात कुडता असतो, शाफई तीन चादरीच पसंत करतात. हे झालं सुन्नतीचं माप. उहुदच्या लढाईत पडलेल्या मुसअब यांच्याकडे एकच चादर होती. डोकं झाकलं की पाय उघडे पडत, पाय झाकले की डोकं. शेवटी डोकं झाकलं आणि पायांवर सुवासिक गवत टाकलं. अडचणीच्या वेळी अंग झाकलं जाणं पुरेसं, हा नियम तिथून आला.

कफनाचा खर्च कोणाचा? मेलेल्या माणसाच्याच मालमत्तेतून, आणि कर्जाच्याही आधी. समजा, एकाने चाळीस हजार रुपये मागे ठेवले आणि त्याच्यावर साठ हजारांचं कर्ज आहे. कफन-दफनाला आठ हजार लागले, तर ते आधी वजा होतात. उरलेले बत्तीस हजार सावकारांमध्ये त्यांच्या कर्जाच्या प्रमाणात वाटले जातात आणि वारसांना काहीच मिळत नाही. फकिहांनी दिलेलं कारण सरळ आहे: दिवाळखोर जिवंत असताना त्याच्या अंगावरचे कपडे कोणी उतरवून घेत नाही, मग मेल्यावर का घ्यावेत? मात्र एखादी वस्तू गहाण असेल तर तिच्यावर सावकाराचा हक्क आधीचा असतो.

जनाजाच्या नमाजेत रुकू नाही, सजदाही नाही. उभ्यानेच चार तकबीर होतात. ही मृतासाठी केलेली दुआ असल्यामुळे तिचं रूप असं आहे. शिवाय समोर मय्यत असताना सजदा केला, तर तो मय्यतीलाच केल्यासारखा दिसेल. शाफई पहिल्या तकबीरनंतर फातिहा वाचतात. हनफींकडे तिथे ‘सना’ असते. दूरगावी मेलेल्या माणसासाठी शाफई इथूनही नमाज पढतात, कारण प्रेषितांनी हबशी राजा नजाशी याच्यासाठी ती मदिनेत पढली होती. हनफी त्याला केवळ प्रेषितांपुरती गोष्ट मानतात.

शेवटचं काम कबरीचं, आणि तिथे जमिनीचंही ऐकावं लागतं. माती घट्ट असेल तर खड्ड्याच्या किब्ल्याकडच्या भिंतीत खाली कोनाडा कोरतात. तिला बगली कबर म्हणतात. माती भुसभुशीत असेल तर कोनाडा कोसळतो, म्हणून तिथे मधोमध चर खणून संदूकी कबर करतात. खोली किती असावी? हनफींच्या मते किमान अर्धा पुरुष, छातीपर्यंत गेली तर उत्तम. शाफई हात वर केलेल्या माणसाएवढी खोली उत्तम मानतात. वास बाहेर येऊ नये आणि जनावरांनी उकरू नये, ही कारणं दोघांचीही सारखीच. आपल्याकडून मक्का पश्चिमेला आहे, म्हणून डोकं उत्तरेला ठेवून, उजव्या कुशीवर, तोंड पश्चिमेकडे करून मय्यत ठेवतात. मग कफनाच्या गाठी सोडतात, कारण वाटेत कापड सुटण्याची भीती आता उरलेली नसते.

कोनाड्याचं तोंड कच्च्या विटांनी बंद करतात. भाजलेली वीट आणि लाकूड हिदायाने नापसंत ठरवलं आहे, कारण या वस्तू इमारत टिकण्यासाठी असतात आणि कबर ही मातीत मिसळण्याची जागा आहे. जमीन पोकळ असेल तर लाकडाला मुभा आहे. वर हनफी वीतभर उंचवटा ठेवतात, शाफई माती सपाट करतात; गिलावा दोघांनाही नको. देह पुरता माती झाला की त्याच जागी दुसऱ्याला पुरता येतं, असं दोन्ही परंपरा सांगतात. मुंबईतल्या दाटीच्या कब्रस्तानांत जुन्या जागी नव्या कबरी होतात, त्या याच नियमाच्या आधारावर.