दोन सिलिंडर की ऐंशी?

समजा, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाच्या पेपरात असा एक प्रश्न आला. 'एका रुग्णालयात ४० रुग्णांना ऑक्सिजन सुरू आहे. त्यांपैकी १० जण अतिदक्षता विभागात आहेत. रुग्णालयाला दिवसाला ऑक्सिजनचे किती जम्बो सिलिंडर लागतील?' बस, एवढंच. एका रुग्णाला किती ऑक्सिजन लागतो, सिलिंडरमध्ये किती मावतो, यातलं काहीही प्रश्नात दिलेलं नाही. वर्गात पहिला हात वर होतो तो तक्रारीसाठीच : "सर, डेटा अपुरा आहे."

डेटा मुद्दामच अपुरा ठेवलेला असतो. अशा प्रश्नांना 'फर्मी प्रश्न' म्हणतात. एन्रिको फर्मी हे इटलीत जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले भौतिकशास्त्रज्ञ. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली, तेव्हा ते स्फोटापासून सुमारे १६ किलोमीटरवर उभे होते. हवेचा धक्का पोहोचला त्या क्षणी त्यांनी हातातले कागदाचे कपटे खाली सोडले. कपटे साधारण अडीच मीटर लांब जाऊन पडले. तेवढ्यावरून त्यांनी स्फोटाची ताकद १० हजार टन टीएनटीइतकी असावी असा अंदाज बांधला. नंतरच्या मोजमापांत ती त्याच्या दुप्पट ते अडीचपट भरली. कागदाच्या कपट्यांवरून काढलेलं उत्तर दुप्पट-अडीचपटीच्या आत येणं, ही अशा अंदाजाची खरी कसोटी. शिकागोत शिकवताना फर्मी विद्यार्थ्यांना विचारत, की या शहरात पियानो सुरात लावणारे कारागीर किती असतील? उत्तरापेक्षा ते कसं काढलं, याला महत्त्व होतं.

ऑक्सिजनचा प्रश्न त्याच जातीचा आहे, पण त्याचं उत्तर पियानोपेक्षा अधिक जिव्हाळ्याचं. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत देशातल्या कितीतरी रुग्णालयांना हाच हिशेब रोज, कधी कधी दर तासाला करावा लागला होता.

सुरुवात एका रुग्णापासून करावी. साध्या वॉर्डात नाकाशी नळी किंवा तोंडावर मास्क लावलेल्या रुग्णाला मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन सोडतात? सौम्य आजारात २ लिटर पुरतो, गंभीर रुग्णाला पिशवीच्या मास्कने १५ लिटरपर्यंत द्यावा लागतो. म्हणजे खरा आकडा २ आणि १५ यांच्या मध्ये कुठेतरी. विद्यार्थी इथे सवयीने सरासरी काढतात : साडेआठ. पण साडेआठ हे २ च्या चौपटीहून जास्त आहे आणि १५ च्या मात्र निम्म्याहून अधिक. म्हणजे ते दोन्ही टोकांपासून सारखं दूर नाही. अशा वेळी दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढावं. २ गुणिले १५ म्हणजे ३०, त्याचं वर्गमूळ साधारण साडेपाच. सोयीसाठी ५ धरू. खरा आकडा कोणत्याही टोकाला असला, तरी चूक तिपटीच्या पुढे जाणार नाही. आणि ३० रुग्णांत काही सौम्य, काही गंभीर असणारच, त्यामुळे प्रत्यक्ष चूक याहून बरीच कमी राहील.

आता सिलिंडर. जम्बो सिलिंडरच्या आतली जागा सुमारे ४७ लिटरची असते आणि त्यात वायू वातावरणाच्या जवळजवळ १५० पट दाबाने भरलेला असतो. म्हणजे बाहेर सोडल्यावर तो साधारण ७,००० लिटर होतो. दिवसाची मिनिटं १,४४०. मिनिटाला ५ लिटर घेणारा रुग्ण दिवसाला ७,२०० लिटर वापरतो. याचाच अर्थ असा, की वॉर्डातला एक रुग्ण म्हणजे दिवसाला साधारण एक जम्बो सिलिंडर. हे एक वाक्य लक्षात राहिलं, तर पुढचा निम्मा हिशेब तोंडी होतो.

वॉर्डातल्या ३० रुग्णांचे ५ लिटरने मिनिटाला १५० लिटर झाले. राहिले अतिदक्षता विभागातले १०. त्यांपैकी ६ व्हेंटिलेटरवर आणि ४ 'हाय फ्लो' नळीवर आहेत असं धरू. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण मिनिटाला साधारण २० श्वास घेतो, प्रत्येक श्वास अर्ध्या लिटरचा. म्हणजे एकूण १० लिटर. त्याला पूर्ण शुद्ध ऑक्सिजन देत आहोत असं मानलं, तरी हे १० लिटरच. सहा जणांचे झाले ६०. हाय फ्लोचं तसं नाही. त्या रुग्णाच्या नाकात मिनिटाला ४० ते ६० लिटर हवा-ऑक्सिजनचं मिश्रण सतत वाहत असतं, तो श्वास घेत असो वा सोडत असो. त्यात शुद्ध ऑक्सिजनचा वाटा ४० लिटर धरला, तर चौघांचे १६० लिटर होतात.

बेरीज : १५०, ६० आणि १६० मिळून मिनिटाला ३७० लिटर. गुणिले १,४४० म्हणजे सुमारे ५ लाख ३३ हजार लिटर, भागिले ७,००० म्हणजे ७६ सिलिंडर. प्रत्येक सिलिंडर अगदी तळापर्यंत रिकामा करत नाहीत, थोडा दाब शिल्लक असतानाच बदलतात, आणि सांध्यांतून थोडी गळतीही होते. म्हणून उत्तर लिहायचं : सुमारे ८० ते ९०. इथे '७६.११' असं लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचा गुण कापला जातो, आणि ते योग्यच आहे. ज्या हिशेबात रुग्णाचा प्रवाहच अंदाजाने ५ धरला, त्याच्या उत्तरात दशांश चिन्हापुढचे आकडे खरे नसतात.

आता दुसरी उत्तरपत्रिका पाहू. या विद्यार्थ्याला शरीरशास्त्रातलं एक वाक्य आठवतं : शांत बसलेला माणूस मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो. वाक्य बरोबर आहे. तो ४० रुग्णांचे मिनिटाला १० लिटर, दिवसाचे १४,४०० लिटर काढतो आणि उत्तर लिहितो : दोन सिलिंडर, जास्तीत जास्त तीन. गुणाकार, भागाकार, एककं सगळं चोख. तरीही उत्तर चाळीस पटींनी कमी.

चूक गणितात नाही, गृहीतकात आहे. शरीर जेवढा ऑक्सिजन वापरतं, तेवढाच रुग्णाच्या नाकाशी सोडून भागत नाही. आपण श्वास सोडतो तेव्हा आत घेतलेल्या ऑक्सिजनपैकी बराच मोठा भाग तसाच बाहेर येतो. शिवाय नळीतून ऑक्सिजन अखंड वाहतो. रुग्ण श्वास सोडत असताना आलेला बहुतेक वायू खोलीत विरून जातो. रुग्णालयाला पैसे मोजावे लागतात ते टाकीतून निघालेल्या ऑक्सिजनचे. शरीराने वापरलेला त्याचा अगदी छोटा हिस्सा.

ही चूक परीक्षागृहात बसल्या बसल्या पकडता येते का? येते, आणि तीच या प्रश्नांमागची खरी शिकवण आहे. उत्तर दुसऱ्या वाटेने तपासायचं. मास्कवरच्या एका रुग्णाला एक सिलिंडर किती वेळ पुरतो? ७,००० भागिले ५ म्हणजे १,४०० मिनिटं, जवळजवळ एक दिवस. मग ४० रुग्णांना दोन सिलिंडर पुरतीलच कसे? उलट ८० चं उत्तर तपासलं, तर दर १८ मिनिटांना एक सिलिंडर रिकामा होतो असं दिसतं. हे थकवणारं आहे, पण अशक्य नाही. आणखी एक वाट द्रव ऑक्सिजनची. एक लिटर द्रवापासून सुमारे ८६० लिटर वायू होतो. म्हणजे ५ लाख ३३ हजार लिटरला रोज साधारण ६२० लिटर द्रव हवा, आणि ६,००० लिटरची टाकी नऊ-दहा दिवस चालेल. तीन वाटांनी काढलेली चित्रं एकमेकांशी जुळली, की उत्तरावर भरवसा ठेवता येतो.

म्हणून अशा प्रश्नाला १० गुण असतील, तर त्यातला एखादाच अंतिम आकड्याला देणं शहाणपणाचं. चार गुण गृहीतकं स्पष्ट लिहून त्यांची कारणं देण्याला, तीन पायऱ्यांच्या साखळीला, दोन पडताळणीला. 'मिनिटाला ८ लिटर धरले, कारण साथीत गंभीर रुग्ण जास्त असतात' असं लिहून १०० च्या वर सिलिंडर काढणाऱ्या मुलीला पूर्ण गुण मिळायला हवेत. शेजाऱ्याचं पाहून कारण न देता ८० लिहिणाऱ्याला एकच.

शेवटचा प्रश्न चांगल्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावा : या हिशेबात कोणतं गृहीतक चुकलं, तर उत्तर सर्वांत जास्त बिघडेल? बेरीज पुन्हा पाहावी. हाय फ्लोवरचे ४ रुग्ण १६० लिटर घेतात, वॉर्डातले ३० रुग्ण मिळून १५०. उद्या हाय फ्लोवर आणखी चौघे आले, तर गरज ३७० वरून ५३० लिटरवर जाते आणि ७६ सिलिंडरांचे ११० च्या आसपास होतात. व्हेंटिलेटरवरचा एखादा रुग्ण वाढला, तर जेमतेम दोन सिलिंडर वाढतात. म्हणजे रुग्णालयाला फोन करून एकच गोष्ट विचारता येणार असेल, तर 'किती खाटा भरल्या?' हे न विचारता 'हाय फ्लोवर किती जण आहेत?' हे विचारावं.

या अंदाजाची मर्यादाही उत्तरपत्रिकेत लिहिलेली असावी. हा दिवसभराचा सरासरी हिशेब आहे. पाइपलाइनची जाडी ठरवायची, तर सरासरीचा उपयोग नाही. पहाटे एकाच वेळी सगळ्यांचे प्रवाह वाढवावे लागले, तर किती लागेल, हे पाहावं लागतं. आणि कोणत्या रुग्णाला किती ऑक्सिजन द्यायचा, हे अर्थातच त्याच्या बोटावरचा ऑक्सिमीटर आणि डॉक्टर ठरवतात. अंदाजाचं काम त्याआधीचं : संध्याकाळी ट्रक सांगायचा की नाही, आणि सांगायचा तर दोन सिलिंडरांसाठी की ऐंशी, हे पाच मिनिटांत कळावं.