तापातल्या लेकराची पेज घट्ट शिजवा, मग पातळ करा

लेकराला ताप आला की आपण पातळ पेज करतो आणि चार चमचे पोटात गेले की समाधान मानतो. आज आम्ही त्या चार चमच्यांविषयीच बोलणार आहोत.

एक पेला पाण्यात पोह्याचा एक चमचा ज्वारीचं पीठ घालून केलेली पेज म्हणजे बहुतेक पाणीच. तेवढ्याच पाण्यात तीन चमचे पीठ घातलं तर अन्न तिप्पट होतं, पण पेज इतकी घट्ट होते की तापलेलं, तोंड कडू झालेलं लेकरू ती गिळत नाही. इथे कामाला येतं मोड आणलेल्या गव्हाचं पीठ. धान्याला मोड येताना त्यात असा रस तयार होतो की तो पिठाचा चिकटपणा तोडतो. घट्ट पेजेत हे पीठ चहाचा एक चमचा घालून ढवळलं की पाच-दहा मिनिटांत ती पातळ होते, आणि पाणी मात्र वाढलेलं नसतं.

हे पीठ ताप येण्याआधीच करून ठेवावं लागतं. पावशेर गहू निवडून, धुऊन रात्रभर भिजवा. पाणी काढून ओल्या फडक्यात बांधा आणि दीड-दोन दिवस फडकं ओलं ठेवा. बुरशी किंवा आंबूस वास आला तर ते गहू टाकून द्या. चांगले मोड आले की कडक उन्हात खडखडीत वाळवा, मोड चोळून काढा, मंद आचेवर जरासेच शेका आणि दळा. लाल होईपर्यंत भाजलं तर त्यातला तो रस मरतो. घट्ट पेज पातळ झाली नाही, तर पीठ जास्त भाजलं गेलं असं समजा. कोरड्या डब्यात महिनाभर ठेवता येतं.

ज्वारीला मात्र मोड आणू नका. कोवळी ज्वारी खाल्ली की जनावराला किराळ लागते, हे आपल्या पालमकडच्या कुणालाही सांगायला नको. तेच विष ज्वारीच्या मोडात असतं. पक्क्या ज्वारीच्या पिठाची पेज खुशाल करा.

पेज शिजली की खाली उतरवा. उकळी थांबली की हे पीठ घाला, कारण उकळत्यात घातलं तर उपयोग होत नाही. पातळ झाली की परत एक उकळी आणा, चमचाभर तूप आणि चवीपुरता गूळ घाला.

आता तीन वर्षांच्या, बारा किलोच्या लेकराचा दिवस बघू. त्याला एरवी दूध, वरण, पाणी असं सगळं धरून एक लिटरच्या जरा वर पातळ लागतं, तापात त्याहून जास्त. म्हणजे दोनशे मिलीचे सहा-सात पेले. एका दमात पेला पाजला तर ओकारी होते, म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी चमचा-चमचा द्या. सकाळी दूध, मग अर्धी वाटी पेज. दुपारी मुगाच्या डाळीचं वरण आणि मऊ भात. मधे ताजं ताक किंवा कुस्करलेलं केळं. केळ्याने ताप वाढत नाही. संध्याकाळी परत पेज, रात्री मऊ खिचडी. तापाचं औषध दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने अंग हलकं होतं, ती वेळ जेवणाची. औषध किती, हे आशाताईंना लेकराचं वजन सांगून विचारा. झोपलेल्या लेकराच्या तोंडात काही घालू नका, ठसका लागतो.

चहा-बिस्किटाने भूक मरते, आणि दुकानातली ग्लुकोजची पावडर म्हणजे ओआरएस नव्हे. जुलाब असतील तर आशाताईंकडचं ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण मिसळा. अर्धं पाकीट अंदाजाने घालू नका. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला यातलं पेज-ताक काही नको, फक्त अंगावरचं दूध, आणि तेही जास्त वेळा.

पाणी कमी पडतंय का, हे लघवीवरून कळतं. सहा-आठ तास लघवी नाही, तोंड कोरडं, रडताना डोळ्यांत पाणी नाही, तर थांबू नका. लेकरू काहीच पीत नसेल, सगळं ओकत असेल, झटका आला, गुंगीत राहिलं, श्वास भराभर चालला, किंवा ताप तीन दिवसांवर गेला, तर दवाखाना गाठा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर त्याच तासाला निघा.

ताप उतरला की लेकराला भूक लागते. तेव्हा दोन आठवडे रोज एक जेवण जादा द्या, म्हणजे घटलेलं वजन भरून येतं. पुढच्या महिन्यात अंगणवाडीत वजन करताना ते आकड्यात दिसेल.