रात्रीच्या फोनची धास्ती

पुण्यात नोकरी करणारी चाळिशीतली एक बाई घ्या. आईवडील सांगलीला, सत्तरी ओलांडलेले, पण धडधाकट. रात्री अकरानंतर मोबाइल वाजला की तिच्या पोटात गोळा येतो. भावाचं नाव वाचेपर्यंत ती मनाने तेराव्यापर्यंत पोचलेली असते. म्हणून ती दिवसातून चार-पाचदा घरी फोन करते. ‘अगं, आत्ताच तर बोललो’, आई वैतागते. तेवढ्याने जिवात जीव येतो, पण तासाभरापुरताच.

गोम इथेच आहे. फोन केला म्हणून सुटका झाली, हे मेंदू दर वेळी शिकतो आणि पुढची शंका लवकर येते. त्यामुळे मानसोपचारात हे खात्री करणंच हळूहळू कमी करतात: रोज साडेसातला एकच फोन. मधे भीती उसळली तर तिच्याशी वाद न घालता हातातलं काम चालू ठेवायचं. बहुधा ती आपोआप ओसरते. सुरुवातीला त्रास वाढतो आणि नेमके तेव्हाच बरेच जण सोडून देतात.

वडिलांना खरोखर हृदयविकार असेल, तर शेजाऱ्यांकडे किल्ली, औषधांची यादी, डॉक्टरांचा नंबर ही तयारी एकदाच करून ठेवावी. झोपच उडाली असेल, तर टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.