पंगतीतला पाठ : सातवीच्या वर्गात लंगर

गुरुद्वाऱ्यातल्या सामुदायिक स्वयंपाकघराला आणि तिथे मिळणाऱ्या जेवणालाही लंगर म्हणतात. कोणीही यावे, ओळीत जमिनीवर बसावे, शेजारी कोण आहे हे न विचारता ताटात येईल ते जेवावे, एवढीच त्याची रीत. सहावी ते आठवीच्या मुलांना शीख धर्मातली समता शिकवायची असेल, तर सुरुवात इथूनच करणे सोपे जाते. पाठ फसतो तोही इथेच. ‘शीख लोक गरिबांना फुकट जेवू घालतात’ हे वाक्य वहीत उतरले की मुलांना सगळे समजल्यासारखे वाटते, पण ते वर्णन अन्नछत्राचे झाले. अन्नछत्रात देणारा उभा असतो आणि घेणारा बसलेला. लंगरात देणाराही त्याच ओळीत येऊन बसतो, आणि आत्ता जेवून उठलेला माणूस पुढच्या पंगतीला वाढू लागतो. हा फरक मुलांनी स्वतः शोधून काढावा, या हेतूने हा पाठ रचला आहे. तो सातवीसाठी असून प्रत्येकी ४० मिनिटांच्या तीन तासिकांत बसतो.

पहिली तासिका इतिहासाची. गुरू नानक यांचा जन्म १४६९चा. दूरदूरच्या प्रवासांनंतर ते रावी नदीकाठी कर्तारपूरला स्थिरावले. तिथे त्यांच्याभोवती जमलेले लोक शेती करत, एकत्र भजन करत आणि एकत्र जेवत. कष्ट करून कमवावे, ईश्वराचे नाम घ्यावे आणि मिळालेले वाटून खावे, ही त्यांच्या शिकवणीची तीन अंगे मानली जातात. शेवटच्या अंगाला पंजाबीत ‘वंड छकणा’ म्हणतात. कर्तारपूरच्या या जेवणात लंगराचे मूळ आहे. तिसरे गुरू अमरदास यांनी गोइंदवालला ही रीत पक्की केली. आधी पंगतीत बसून जेवायचे आणि मग संगतीत, म्हणजे गुरूसमोरच्या सभेत यायचे, असा दंडक तिथे होता.

हा क्रम वर्गात सावकाश उलगडावा. सोळाव्या शतकातल्या समाजात कोणाच्या हातचे खायचे आणि कोणाच्या शेजारी बसून जेवायचे, यावर जातीची घट्ट बंधने होती. प्रवचन ऐकताना माणूस मनातली बंधने तशीच ठेवून बसू शकतो. पंगतीत मात्र पाळणे किंवा मोडणे यांपैकी एकच जमते. म्हणून जेवण आधी आणि उपदेश नंतर. मुलांना थेट विचारावे, की हा क्रम उलटा असता तर काय झाले असते? बहुतेक वर्गांत कोणीतरी म्हणते, ‘लोक ऐकून निघून गेले असते.’ तिथे शिक्षकाने थांबावे. त्याहून चांगले उत्तर शिक्षकाकडेही नसते.

याच तासिकेत कथा आणि पुरावा यांतला फरकही दाखवता येतो. अकबर बादशहा गोइंदवालला आला आणि सामान्य लोकांबरोबर जमिनीवर बसून जेवला, अशी शीख परंपरा सांगते. कथा मुलांना आवडते आणि ती सांगावीही, मात्र परंपरेतली कथा म्हणून. तिच्याशेजारी माता खीवी यांचे नाव ठेवावे. त्या दुसरे गुरू अंगद यांच्या पत्नी. लंगराचा कारभार त्या पाहत आणि तिथे तूप घातलेली खीर वाढली जाई, हा उल्लेख खुद्द गुरू ग्रंथ साहिबात, सत्ता आणि बलवंड यांच्या रचनेत आहे. बादशहाची गोष्ट सर्वांना ठाऊक असते, पण ज्या बाईचे नाव धर्मग्रंथात आहे ती फारशी कोणाला माहीत नसते. कोणाची आठवण कशी टिकते, यावर सातवीतली मुले चांगले बोलतात.

ग्रंथाचा उल्लेख आलाच आहे, तर महाराष्ट्राचा धागाही इथेच जोडावा. पाचवे गुरू अर्जन यांनी १६०४मध्ये संकलित केलेल्या आदिग्रंथात गुरूंच्या रचनांबरोबर विणकर कबीर, चर्मकार रविदास आणि सूफी फरीद यांच्याही रचना आहेत. त्यात शिंपी समाजातल्या संत नामदेवांची ६१ पदे आहेत. पंजाबातल्या घुमान गावाशी नामदेवांचे नाते सांगितले जाते, आणि २०१५चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरले होते. याला पाच मिनिटे पुरेत. यात अधिक रमले तर पाठ नामदेवांचा होतो.

दुसरी तासिका कामांची, आणि पाठाचा गाभा तीच. अमृतसरच्या हरिमंदिर साहिबात दररोज हजारो लोक जेवतात. साधारण ५०,००० हा आकडा सांगितला जातो आणि सणावाराला तो याहून बराच वाढतो. जेवण साधे असते : डाळ, पोळी, भाजी, बहुधा खीर. पोळीला तिथे ‘परशादा’ म्हणतात. लंगर शाकाहारी असतो, म्हणजे कोणालाही न अडखळता जेवता येते. पोळ्यांसाठी यंत्रे आहेत, तरी लाटायला, चिरायला, वाढायला आणि भांडी घासायला स्वयंसेवक लागतातच. या कामाला सेवा म्हणतात आणि करणाऱ्याला सेवादार. खर्च भाविकांच्या देणग्यांतून चालतो. उत्पन्नाचा दहावा भाग द्यावा, या रीतीला ‘दसवंध’ असे नाव आहे.

एवढी माहिती दिल्यावर मुलांकडून लंगरातल्या कामांची यादी करून घ्यावी. कांदा चिरणे, कणीक मळणे, पोळ्या भाजणे, वाढणे, पाणी देणे, उष्टी ताटे गोळा करणे, ती घासणे, फरशी पुसणे, बाहेर लोकांचे जोडे सांभाळणे. मग प्रत्येक गटाने ही कामे ‘मला आवडेल’ ते ‘मला नको’ अशा क्रमाने लावावीत. वाढण्याचे काम बहुधा वर जाते, आणि उष्टी ताटे व जोडे तळाशी. आता कामांच्या चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एक उचलायला सांगावी. जोड्यांची चिठ्ठी आलेल्या मुलाचा चेहरा उतरतो, इतर हसतात, आणि पाठ त्या हसण्यापाशीच सुरू होतो. हे काम हलके आहे हे आपल्याला कोणी शिकवले? घरात, शाळेत, गावात ते कोण करते? गुरुद्वाऱ्यात मात्र जोडे सांभाळणे आणि भांडी घासणे ही मानाची सेवा समजली जाते. शहरातला व्यापारी किंवा अधिकारी मुद्दाम तीच निवडताना दिसतो. नम्रता अंगी यावी, ही त्यामागची धारणा. सोबत जेवल्याने खाणाऱ्यांमधली उतरंड मोडते, पण कामांची उतरंड तशीच राहिली तर समता अर्ध्यावर थांबते. लंगराची खरी हुशारी या दुसऱ्या अर्ध्यात आहे.

या उपक्रमात एक धोका आहे. काही शिक्षक उत्साहाने ‘तुम्ही उच्च, तुम्ही नीच’ अशा भूमिका वाटून जातिभेदाचे नाटक बसवतात. ते टाळावे. वर्गात अशी मुले असू शकतात, ज्यांच्या घरी हा अनुभव नाटक नाही, आणि भूमिका वाटताना नकळत कोणाची तरी जात उघडी पडते. चिठ्ठ्यांमध्ये फक्त कामे असतात, म्हणून त्या सुरक्षित. वर्गात पूजाविधीची नक्कलही करू नये. गुरुद्वाऱ्यात मिळणारा कडा प्रसाद कणीक, साखर आणि तूप समप्रमाणात घेऊन करतात आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या ओंजळीत देतात, ही माहिती सांगावी. पण शाळेत शिरा करून त्याला प्रसाद म्हणणे योग्य नाही.

तिसरी तासिका अडचणीची आहे. म्हणूनच ती अनेकदा गाळली जाते. आदर्श घालून दिला म्हणजे तो पाळला गेला, असे होत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमृतसरच्या मंदिरावर परंपरागत पुजाऱ्यांचा ताबा होता, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून शीख झालेल्यांचा प्रसाद ते स्वीकारत नसत. १२ ऑक्टोबर १९२० रोजी जालियनवाला बागेत भरलेल्या सभेत अशा काही जणांनी अमृतदीक्षा घेतली. तिथून ही मंडळी कडा प्रसाद घेऊन हरिमंदिर साहिबाकडे निघाली. पुजाऱ्यांनी प्रसाद घ्यायला आणि त्यांच्यासाठी अरदास, म्हणजे प्रार्थना, करायला नकार दिला. वाद वाढला, तेव्हा ग्रंथालाच विचारावे असे ठरले. ग्रंथ उघडून जे पद समोर येईल तो आदेश मानण्याची शीख प्रथा आहे. त्या दिवशी उघडलेले पद गुणहीन मानलेल्यांवरही ईश्वर कृपा करतो, या आशयाचे होते. पुजाऱ्यांना प्रसाद घ्यावा लागला. मंडळी पुढे अकाल तख्ताकडे गेली, तेव्हा तिथले पुजारी जागा सोडून गेलेले होते. या घटनेनंतर पुढच्याच महिन्यात शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती स्थापन झाली, आणि १९२५च्या कायद्याने पंजाबातल्या गुरुद्वाऱ्यांचा कारभार निवडून आलेल्या समितीकडे आला.

ही हकिकत वर्गात टप्प्याटप्प्याने सांगावी आणि नकारापाशी थांबून विचारावे : आता या लोकांनी काय करावे? मुले भांडण, पोलीस, वेगळे मंदिर असे पर्याय सुचवतात. मग पुढचा भाग सांगावा. ज्या ग्रंथाच्या नावाने पुजारी तिथे बसले होते, त्याच ग्रंथाचा आधार घेऊन त्यांना अडवता आले, ही गोष्ट मुलांच्या बरोबर लक्षात राहते. मात्र १९२०नंतर सगळे सुरळीत झाले, असे सांगू नये. पंजाबातल्या अनेक गावांत आजही जातवार वेगळे गुरुद्वारे आहेत.

जमत असेल तर तिन्ही तासिकांनंतर जवळच्या गुरुद्वाऱ्याला भेट द्यावी. नांदेडचे तख्त सचखंड श्री हजूर साहिब हे गुरू गोबिंदसिंग यांचे १७०८मध्ये निर्वाण झाले ते ठिकाण, पण शहरातला कोणताही लहान गुरुद्वाराही चालतो. व्यवस्थापकांना आधी कळवावे. डोके रुमालाने झाकणे, जोडे बाहेर ठेवणे, हात धुणे, पोळी दोन्ही हातांत घेणे आणि संपेल तेवढेच वाढून घेणे, हे मुलांना आदल्या दिवशी सांगावे. भेटीत फोटोंपेक्षा एक तास सेवा करून घ्यावी. कामे पुन्हा चिठ्ठ्यांनीच ठरवावीत.

पाठ पोचला का, हे पाहायला व्याख्या विचारून उपयोग नाही. श्रीमंत माणूस लंगरात का जेवतो, हा एक प्रश्न पुरतो. ‘तिथे फुकट मिळते’ किंवा ‘तो गरिबांना मदत करतो’ असे उत्तर आले, तर दुसरी तासिका पुन्हा घ्यावी. दुसरा प्रश्न थोडा अवघड. कॅनडातल्या काही गुरुद्वाऱ्यांत लंगर टेबल-खुर्च्यांवर वाढला जाऊ लागला. १९९८मध्ये अकाल तख्ताने लंगर जमिनीवर बसूनच घ्यावा असा आदेश दिला, आणि त्यावरून तिथे मोठा वाद झाला. सगळेच खुर्चीवर बसले तर समता बिघडते का? जमिनीवर बसता न येणाऱ्या आजीने काय करावे? इथे गुण कोणत्याही एका बाजूला नाहीत. विद्यार्थी जमिनीबद्दल बोलतो, की सगळे एका पातळीवर असण्याबद्दल, एवढे पाहून गुण द्यावेत.