३६० चे विभाजक, यादी न करता

३६० ला किती संख्यांनी नि:शेष भाग जातो? एकेक शोधत बसलात तर १८ किंवा २४ सहज निसटतात. त्यापेक्षा आधी मूळ अवयव पाडावेत: ३६० = २ × २ × २ × ३ × ३ × ५.

३६० चा प्रत्येक विभाजक याच अवयवांतून घडतो. त्यात २ एकदाही नसेल, किंवा एकदा, दोनदा, तीनदा असेल. म्हणजे चार पर्याय. तसेच ३ साठी तीन आणि ५ साठी दोन. या निवडी एकमेकींवर अवलंबून नाहीत, म्हणून विभाजक ४ × ३ × २ = २४. ‘एकदाही नाही’ हा पर्याय राहून गेला, तर उत्तर फक्त ६ येते. ही चूक फार होते.

बेरजेची युक्ती मला त्याहून सुंदर वाटते. हे तीन कंस पाहा:

(१ + २ + ४ + ८) × (१ + ३ + ९) × (१ + ५)

गुणाकार उलगडताना प्रत्येक कंसातून एकेक संख्या उचलली जाते. ४, ९ आणि १ उचलले की ३६; २, ३ आणि ५ उचलले की ३०. मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, त्यामुळे चोवीसही विभाजक नेमके एकेकदाच येतात. बेरीज १५ × १३ × ६ = ११७०.

मात्र ३६० = ४ × ९ × १० अशी फोड करून तिघांच्या विभाजकांच्या संख्या गुणल्या, तर ३ × ३ × ४ = ३६ असे चुकीचे उत्तर येते. ४ आणि १० या दोहोंत २ आहे, म्हणून काही विभाजक दोनदा मोजले जातात. ८ × ९ × ५ अशी फोड मात्र चालते, कारण तिथे सामाईक अवयवच नाही.